हापूस, पाच किलो आणि आमचं घर

माझा मेव्हणा सुहास देवगडला आंबा पिकवतो आणि आम्ही दांडिया बाजारात बसून तो खातो. वर्षानुवर्षं हीच व्यवस्था सुरळीत चालू होती. यंदा त्याने एका ऑनलाइन बाजारात खातं उघडलं आणि फोन केला. ‘‘भावोजी, पहिला माल वडोदऱ्यातच विकायचा आहे. तुम्ही तिथले. टायटल तेवढं लिहून द्या. एक ओळ तर आहे!’’

एक ओळ. लग्नपत्रिकेतलीही एकच ओळ असते, आणि तीवरून आमच्या घरात दोन काका अजून बोलत नाहीत.

मी आपला चष्मा लावून लिहिलं, ‘कोकणच्या लाल मातीतला, समुद्राच्या वाऱ्यावर पोसलेला, सोनेरी, सुगंधी, अस्सल…’ इथवर आलो आणि खान्याखालचा आकडा पाहिला. शंभर अक्षरांची मर्यादा होती, त्यातली निम्मी वारा आणि माती खाऊन बसले होते आणि आंबा अजून आलाच नव्हता. शिवाय तो खाना मोजतो कसा, तर काना-मात्रा वेगळे धरून. हापूस आपल्या हिशेबी तीन अक्षरांचा, त्याच्या हिशेबी पाच.

‘‘बाबा, मोबाइलवर पहिली दीड ओळच दिसते,’’ ओंकार म्हणाला. ‘‘पुढे तीन टिंबं. आंब्याचं नाव आधी टाका.’’ मग त्याने स्वतःच टंकलं, ‘ऑर्गॅनिक, कार्बाइडफ्री, नंबर वन हापूस’. सुहासला विचारलं तर तो फोनवरच दचकला. सेंद्रियचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नाही, मोहोरावर तुडतुडे आले की तो फवारणी करतो आणि तसं कबूलही करतो. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. ते टाळलं म्हणून मिरवणं म्हणजे दारावर ‘येथे चोरीचा माल नाही’ अशी पाटी लावण्यासारखं. आणि ‘नंबर वन’ ते संकेतस्थळच चालू देईना. ओंकार रुसून क्रिकेट बघायला गेला.

नाव मात्र सुटलं. ‘देवगड हापूस’ या दोन शब्दांत जात आली आणि गावही आलं. ‘हापूस’ला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतला आंबाच त्या नावाने विकायचा. सुहासची बाग देवगड तालुक्यातच असल्यामुळे ‘कोकण’, ‘सिंधुदुर्ग’, ‘महाराष्ट्र’ ही सगळी वरात टायटलमधून खाली वर्णनात उतरवता आली. सौभाग्यवतींना ते आवडलं नाही. ‘‘माझ्या माहेरचा जिल्हा गाळलात,’’ त्या म्हणाल्या. जेवायला त्या दिवशी नुसती खिचडी होती.

खरी लढाई वजनावर झाली. कोकणात आंबा डझनावर विकतात. दोन डझनी पेटी, पाच डझनी पेटी, आणि फळ लहान की मोठं ते बघून भाव. वडोदऱ्यात खंडेराव मार्केटात उभे राहा, केरी किलोवर. शेजारच्या हंसाबेनना मी ‘दोन डझन’ म्हणून पाहिलं. ‘‘एटले केटला किलो?’’ त्यांचा पहिला प्रश्न. उलट आमच्या आत्याला ‘पाच किलो’ म्हटलं तर म्हणाली, ‘‘किलो काय करायचेत? नगावर बोल. माणशी दोन धरले तर पुरतील का?’’

सुहासने दोन डझनांची पेटी काट्यावर ठेवून फोटो पाठवला. सहा किलो तीनशे ग्रॅम. मी आनंदाने ‘6 किलो’ टंकणार तोच आत्या म्हणाली, ‘‘खोका आणि गवतही खायचं का आम्ही?’’ बरोबरच होतं. पेटीवर निव्वळ वजन लिहायचं असतं, वेष्टन सोडून. सुहासने पुठ्ठा आणि पेंढा वेगळा तोलला, सातशे ग्रॅम. राहिले पाच किलो सहाशे. भागिलं तर एक फळ सरासरी दोनशे तेहतीस ग्रॅमचं.

मग ‘साडेपाच किलो’ लिहू? तर तेही नाही. आंबा झाडावरून उतरला तरी श्वास घेत राहतो, त्यातलं पाणी उडतं, साल सुरकुतते. त्याच पेटीतले आंबे इथे आमच्या घरी पिकल्यावर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, तर पाच किलो साडेतीनशे. अडीचशे ग्रॅम, म्हणजे अख्खा एक आंबा, कुणीही न खाता नाहीसा झालेला. (आत्याचा ओंकारवर संशय आहे. मी नग मोजले, चोवीस भरले, तरी आहे.) गिऱ्हाईक पिकल्यावर तोलून बघणारच, हे शहर मला ठाऊक आहे. म्हणून लिहायचं पाच, भरायचं थोडं जास्त. आणि सोबत ‘20–24 फळं’. पाच किलोत अडीचशे ग्रॅमची वीस बसतात, दोनशे आठ-दहा ग्रॅमची चोवीस. फळाचा आकार वेगळा सांगावाच लागत नाही. हंसाबेन किलो वाचतात, आत्या नग वाचते.

उरली डिलिव्हरी. सुहास आंबा ‘चौदा आणे’ तयार झाला की झेल्याने देठासकट उतरवतो, म्हणजे हिरवा आणि टणक. पुरता पिकलेला निघाला तर इथे पेटीतून आमरसच यायचा. पण ‘कच्चा’ हा शब्द टायटलमध्ये घातला की हंसाबेन लोणच्याचा मसाला काढतील. न घालावा तर पेटी उघडताच हिरवे दगड बघून पैसे परत मागतील. बराच खल होऊन तो मजकूर वर्णनात पहिल्या ओळीला बसवला. आंबे हिरवे येतील, पेंढ्यातच ठेवा, फ्रिजमध्ये घालू नका, साधारण आठवड्यात वास सुटेल तेव्हा कापा. साक्याबद्दलही तिथेच. आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो, बाहेरून कितीही निरखा, कळत नाही. असं फळ निघालं तर फोटो पाठवा, सुहास बदलून देईल. अशी गोष्ट टायटलमध्ये कुणी लिहीत नाही, पण कुठेच न लिहिणारा व्यापारी दुसऱ्या वर्षी दिसत नाही.

‘मोफत’ हा शब्द संकेतस्थळाने परत पाठवला, ‘घरपोच’ चालला. पण घर कुठलं? ‘वडोदऱ्यात’ लिहिलं नाही तर भोपाळहून मागणी यायची. 390ने सुरू होणारे पिनकोड आतल्या खान्यात भरले, तरी टायटलमध्ये गावाचं नाव ठेवलंच. हंसाबेन शोधतात ते ‘hafus keri’ असं इंग्रजी अक्षरांत. ते गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या खान्यात गेलं.

शेवटी उभं राहिलं ते असं:

देवगड हापूस आंबा, 5 किलो, 20–24 फळं, बागेतून थेट, वडोदऱ्यात घरपोच

शंभरात आरामात बसलं, उलट जागा उरली. त्या उरलेल्या जागेत सौभाग्यवतींना ‘सिंधुदुर्ग’ हवा होता. मी कडक नकार दिला, आणि संध्याकाळी घातला.

पेट्या गेल्या. सुहासचा परवा फोन. ‘‘भावोजी, झकास! आता फणसाचं टायटल द्या. जात कापा, गाव तेच, घरपोच तसंच.’’

‘‘आणि वजन?’’

‘‘ते झाडाला विचारा. एक चार किलोचा आहे, त्याच्या शेजारी लोंबतोय तो तेराचा.’’