जिममध्ये "मित्राला आणा" ऑफर लावायच्या आधी हे वाचा

जळगावात छोटी जिम चालवतो. गेल्या हिवाळ्यात ग्रुपवर एकच ओळ टाकली होती, "मित्राला आणा, एक महिना फ्री मिळवा." नियम काहीच लिहिले नव्हते आणि तिथंच चुकलं माझं.

एका मेंबरने मित्र आणला, त्याने एक महिन्याचे १००० भरले, आठ दिवस आला आणि बंद झाला. आणणाऱ्याला मात्र पूर्ण महिना फ्री द्यावा लागला, म्हणजे जे आले ते सगळं गेलं. वर संध्याकाळच्या बॅचमध्ये एकाच मुलासाठी दोघं जण काउंटरवर उभे, एक म्हणे "भो, त्याले मीच लई उनू ना", दुसरा म्हणे मी तर त्याला आधीच सांगितलं होतं. दोघंही खरं बोलत होते आणि माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं.

यंदा नियम आधी लिहिले, मेसेज नंतर. मित्राने तीन महिन्यांची फी भरली तरच ऑफर लागू. आमची फी २४००, म्हणजे १५ दिवसांचे साधारण ४०० होतात, दोघांना १५-१५ दिवस दिले तरी ८०० चेच दिवस जातात आणि रोख पैसे हातातून जात नाहीत. दिवस लगेच वाढवायचे नाहीत, फी भरून सात दिवस झाल्यावर वाढवायचे, कारण कोणी फी परत मागितली तर ती या पहिल्या सात दिवसांतच देतो. नवीन मेंबर म्हणजे कोण तेही लिहावंच लागतं, नाहीतर पावसाळ्यात सोडून गेलेला मुलगा डिसेंबरमध्ये मित्राचा मित्र बनून येतो. मी सहा महिन्यांत मेंबर नसलेला असं धरलंय. आणि सगळ्यात कामाचा नियम हा, की कोणी आणलं ते मित्रानेच सांगायचं, फी भरायच्या आधी, आणि पावतीवर एकच नाव लिहायचं. नंतर आलेलं नाव चालणार नाही. दुसरी कुठलीही सूट यासोबत नाही.

मेसेज मात्र जिमचा वाटला नाही पाहिजे, तो मेंबरच्या तोंडचा पाहिजे, कारण पुढे तोच पाठवणार. आम्ही हा दिला:

"भाऊ, मी रोज सकाळी ६ ला जिमला जातो, तू पण चल. दोन दिवस फ्री येऊन बघ. पटलं तर ३१ जानेवारीपर्यंत तीन महिन्यांची फी भर, तुला १५ दिवस जास्त मिळतील आणि मलापण. फी भरताना माझं नाव सांग."

"मलापण" काढू नका. मित्राला नंतर कळलं की याचाही फायदा होता, तर त्याला वाईट वाटतं, आधी सांगितलं तर कोणालाच काही वाटत नाही. तारीखही हवीच, नाहीतर लोक मार्चमध्ये तोच मेसेज दाखवतात. आणि मेंबरकडून मित्रांचे नंबर घेऊन आपणच मेसेज करत बसू नका, अनोळखी नंबरवरून आलेला मेसेज मला स्वतःलाच आवडत नाही.

लेडीज बॅचसाठी वेळ बदलून वेगळा मेसेज केलाय, तिथं "भाऊ" चालणार नाही. कोणाला नियमांचा कागद पाहिजे असेल तर सांगा, फोटो टाकतो.