पण, मात्र आणि तरी

लेख लिहायला मला एक संध्याकाळ पुरते. तो संपवायला किती लागतात, हे घरात आता कुणी विचारत नाही.

पहिल्या खर्ड्यावर हात फिरवताना खरं काम होतं, हे मान्य. तिसरा परिच्छेद उचलून वर जातो, प्रस्तावनेचं शेपूट छाटलं जातं, ‘वस्तुतः पाहता’ नावाचा उपटसुंभ हाकलला जातो. पुढच्या फेरीत वाक्यं सुधारतात, त्यापुढच्या फेरीत शब्द. मग येते स्वल्पविरामांची फेरी. तिथे गेलेला माणूस सहसा जेवायला वेळेवर येत नाही.

छपराच्या गळतीवर लिहिलेल्या एका लेखात माझं एक वाक्य होतं: ‘पाऊस थांबला, पण गळती थांबली नाही.’ चांगलं होतं बिचारं. पण ‘पण’ फार साधा वाटला, म्हणून केलं, ‘पाऊस थांबला, गळती मात्र थांबली नाही.’ आता भारदस्तपणा आला, पण पुढच्याच ओळीत आधीपासून एक ‘मात्र’ बसला होता. त्याला उठवून तिथे ‘तरीही’ आणला. त्या ‘तरीही’चं त्याच्या पुढच्या ‘तरी’शी पटेना. म्हणजे एका शब्दाची बदली केली आणि अख्ख्या परिच्छेदाला सामान बांधायला लावलं. शेवटी ‘पाऊस थांबला तरी गळती सुरूच राहिली’ असं केलं, तर त्यात तो ठसका नव्हता. ठसका हवा म्हणून दोन्हीकडे ‘थांबणं’ आणलं, आणि पडद्यावर जे वाक्य उमटलं ते वाचून मी खूश झालो. ते पहिलंच होतं. पण मी ते इतक्या मेहनतीने मिळवलं होतं की मला नवीन वाटलं.

विनोदांचं तर याहून वाईट होतं. लिहिताना ज्यावर मी स्वतःच हसलो, तो विनोद विसाव्या वाचनात शिळा लागतो. मग मी तो काढतो किंवा समजावून सांगतो, आणि दुसरं जास्त घातक. खरं तर शिळा झालेला असतो मी. वाचणारा तो पहिल्यांदाच वाचणार असतो. पण रात्री अकरा वाजता हे कळत नाही. त्या वेळी माझ्या कानाला माझंच नावसुद्धा किंचित बेसूर वाटतं.

म्हणून आता बदल करण्याआधी मी स्वतःला विचारतो, यातून वाचणाऱ्याला काय मिळालं? ‘गळती’च्या जागी ‘माळ्यावरची गळती’ केलं, तर कुठली गळती या त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. ही सुधारणा. ‘पण’चा ‘मात्र’ केला, तर त्याला काय मिळालं? ‘ओघ’, ‘लय’, ‘वजन’ असली उत्तरं यायला लागली की समजावं, आपण पुढे जात नसून बाजूला सरकतोय. लय म्हणजे खोटी गोष्ट नव्हे. पण मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडखळते, तिथे लयीचं काम असतं. जिथे अडखळत नाही, तिथे फक्त हाताला चाळा हवा असतो.

एवढं ज्ञान असूनही त्या वाक्याचा निकाल लागेना. मग जुना आणि नवा असे दोन्ही खर्डे धाकट्या बहिणीपुढे ठेवले. कुठला कुठला, ते सांगितलं नाही.

तिने दोन्ही वाचले. “दादा, फरक काय आहे?”

“नीट वाच ना.”

तिने पुन्हा वाचले, या वेळी मोठ्याने. आणि दोन्ही वेळा माझं ते लाडकं वाक्य गाळून पुढे गेली.

“मधलं वाक्य वाच की!”

“अरे, वरच्या परिच्छेदात पाऊस गेल्यावरही बादली भरतच होती असं लिहिलंयस ना? मग हे परत कशाला?”

मी गप्प बसलो. इतके दिवस मी त्या वाक्याला कपडे घालून बघत होतो, आणि त्याला मुळात बोलावणंच नव्हतं. त्याच वाक्याकडे हात पुन्हापुन्हा का जात होता, तेही आता कळलं. तिथे काहीतरी खुपत होतं, हे मला बरोबर जाणवत होतं. फक्त ते काय, याचा शोध मी ‘पण’ आणि ‘मात्र’मध्ये घेत होतो. शब्द बदलून आधीची पुनरुक्ती कशी जाणार?

वाक्य काढलं. परिच्छेद लगेच हलका झाला, ही खरी सुधारणा. बहीण म्हणाली, “झालं ना? आता पाठव.”

पाठवणारच होतो. पण ते वाक्य गेल्यामुळे खालचं वाक्य एकदम उघडं पडलंय, आणि त्याची सुरुवात ‘तरीही’ने होतेय.