सील नंबर जुळला म्हणजे झालं?

"सीलचा नंबर कागदाशी जुळला की बॉक्स ओके. वजन म्हणून मालाच्या नेट वजनात ३७०० किलो मिळवून लिहा, रिकामा चाळीस फुटी कंटेनर तेवढाच भरतो. बंदराच्या गेटवरचा काटा म्हणजे नुसता टाइमपास. मामा, असा मेसेज आलाय, बरोबर आहे ना हे?"

नाही रे बाबा, अजिबात बरोबर नाही. परवा तुझा पहिलाच कंटेनर गेटवर जाणार आणि तू हे खरं धरून बसलायस, म्हणून जीव खालीवर होतोय.

आधी वजन. रिकाम्या कंटेनरचं वजन, म्हणजे टेअर, त्याच्या दारावरच रंगवलेलं असतं आणि ते प्रत्येक बॉक्सचं वेगळं असतं. समज तुझ्या २५ किलोच्या ९६० गोण्या आहेत, म्हणजे २४,००० किलो नेट. नुसत्या रिकाम्या गोण्यांचे ११५ किलो, २२ किलोची २० पॅलेट म्हणजे ४४०, एअरबॅग आणि पट्टे ४५, आणि दारावर टेअर ३,८८०. झाले २८,४८०. मेसेजच्या हिशोबाने २७,७००, म्हणजे ७८० किलो कागदावरून गायब! एवढ्याने जहाज बुडत नाही हे मान्य, पण कुठला बॉक्स खाली आणि कुठला वर हे याच आकड्यांवरून ठरतं. २००७ मध्ये एमएससी नापोली हे कंटेनर जहाज किनाऱ्याला लावावं लागलं, तेव्हा डेकवरचे कोरडे राहिलेले साधारण ६६० बॉक्स तोलले, तर १३७ बॉक्सच्या वजनात ३ टनांपेक्षा जास्त फरक निघाला, एकात तर २० टनांचा. जहाज फक्त त्यामुळे मोडलं असं नाही, पण आकडे किती खोटे असतात ते बघ. १ जुलै २०१६ पासून जहाज सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, म्हणजे सोलासचा, नियमच आहे, पडताळलेलं वजन म्हणजे व्हीजीएम दिलं नाही तर बॉक्स जहाजावर चढत नाही.

काट्याबद्दल अर्धं खरं आहे. टर्मिनलने प्रत्येक बॉक्स तोलायलाच हवा असं सोलास म्हणत नाही, जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, म्हणजे शिपरची. आणि एका ट्रेलरवर दोन वीस फुटी असले तर काटा दोघांची बेरीजच सांगतो. पण म्हणूनच तुझा आकडा खरा हवा ना!

आता सील. नंबर जुळतो आणि माल गेलेला असतो, कारण चोर सीलला हातच लावत नाही. हँडल ज्या रिव्हेटवर फिरतं तो ड्रिल करून काढतो, सीलसकट हँडल बाजूला, दार उघडं, मग तिथे बोल्ट बसवून वर रंग. बाकीचे रिव्हेट गंजलेले आणि एकच ताजा किंवा वेगळ्या डोक्याचा दिसला की समजायचं. बोटाने चाचपून बघ, कडा खरखरीत लागते. सील ओढून आणि पिळून पण बघायचं, कापून चिकटवलेला बोल्ट हातात येतो. सीलवर एच कोरलेला हवा, ते आयएसओ १७७१२ चं हाय सिक्युरिटी सील.

आणि सील ड्रायव्हरकडे देऊन "नंतर लाव" म्हणू नकोस. माल भरून दार बंद झालं की तिथंच, तुझ्या डोळ्यांसमोर लाव, आणि रिव्हेटचा जवळून फोटो काढून ठेव.