टँकचं पाणी तापवण्याआधी टँक झाका

थोडं लांबलंय, पण आपल्या सोसायटीत पोहण्याचा टँक असेल आणि हिवाळ्यात तो तापवत असाल, तर शेवटपर्यंत वाचा. महिनाभर रोज पहाटे थर्मामीटर घेऊन टँकवर जाऊन मी हे लिहितोय.

आमची पुण्यातली सोसायटी. टँक 15 मीटर लांब, 6 मीटर रुंद, सरासरी खोली 1.2 मीटर, म्हणजे पाणी साधारण 1 लाख 8 हजार लिटर. डिसेंबर-जानेवारीत ज्येष्ठ मंडळी आणि गुडघ्याचे पेशंट सकाळी पोहायला येतात, म्हणून 28-29 अंशांवर ठेवण्यासाठी हीट पंप बसवलाय. तक्रारी दोन होत्या. रात्री तापवलेलं पाणी सकाळी गार लागतं, आणि पाण्याची पातळी रोज खाली जाते. प्लंबर येऊन टाइल्स वाजवून गेला आणि म्हणाला, "साहेब, मागून झिरपतंय, सगळ्या टाइल्स काढाव्या लागतील." हीट पंपवाल्याने दुप्पट क्षमतेच्या मशीनचं कोटेशन दिलं. दोन्ही खर्च कमिटीपुढे मंजुरीला आले तेव्हा मी आठ दिवस मागून घेतले.

आधी बादली. एक प्लास्टिकची बादली टँकच्याच पाण्याने भरली आणि तळाशी वीट टाकून टँकच्या पायरीवर अशी ठेवली, की आतलं आणि बाहेरचं पाणी जवळपास एका पातळीत राहील. बादलीच्या आत एक आणि बाहेर एक अशा पेन्सिलीने दोन खुणा केल्या. पाणी आपोआप भरणारा फ्लोट बंद केला, दिवसभर कुणाला पोहू दिलं नाही. बादलीतलं पाणी टँकइतकंच गरम राहतं, वारा तोच, हवा तीच. त्यामुळे बादलीतून जेवढं उडेल तेवढंच टँकमधूनही उडणार. टँक बादलीपेक्षा बराच जास्त उतरला, तरच गळती. 24 तासांनी बघितलं तर बादलीत 6 मिलिमीटर, टँकमध्येही 6 मिलिमीटर. टाइल्सना काहीही झालेलं नव्हतं. पाणी हवेत जात होतं.

6 मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराचा चौथा हिस्सा, पण 90 चौरस मीटरवर तेच 540 लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर अठरा-एकोणीस दिवसांत नुसता उडून जातो. आणि पाण्यापेक्षा मोठं नुकसान उष्णतेचं आहे.

माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. टँकचं अगदी तेच होतं, फक्त इथे ती ऊब आपण विजेचं बिल भरून तयार केलेली असते. एक लिटर पाणी उडताना एवढी उष्णता नेतं, की तिच्यात साधारण 580 लिटर पाणी एक अंशाने तापलं असतं. युनिटमध्ये सांगायचं तर लिटरमागे जवळपास 0.67 युनिट उष्णता. 540 लिटरचे होतात 360 युनिट, रोजचे. थंडीत पहाटे टँकवर धुकं तरंगताना दिसतं, लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. तीच ही उष्णता, जाताना दिसणारी.

रात्री टँक झाकायचं मी मीटिंगमध्ये सुचवलं, तेव्हा एका काकांनी चांगला प्रश्न विचारला: "पाणी तर दुपारच्या उन्हात उडतं, रात्री झाकून काय उपयोग?" मलाही आधी असंच वाटायचं. पण पाणी किती उडेल हे ऊन ठरवत नाही. पाण्याला लागून असलेल्या हवेत वाफ किती आणि वरच्या हवेत किती, या फरकावर ते ठरतं, आणि वारा ती वाफ किती भराभर वाहून नेतो यावर. जानेवारीत पुण्याच्या हवेत पहाटे आणि दुपारी वाफ साधारण सारखीच असते. पहाटे गारव्यामुळे हवा दमट भासते एवढंच. 28 अंशांच्या पाण्याला लागून असलेल्या हवेत मात्र तिच्या जवळपास चौपट वाफ असते. त्यामुळे रात्रभरही पाणी उडतच राहतं. शिवाय दुपारी सूर्य थोडी भरपाई करतो, रात्री कुणीच करत नाही. मुंबईची हवा दमट, तिथे हा फरक कमी, म्हणून तिथला टँक तुलनेने कमी गार होतो.

आता मोजमाप. कव्हर नसताना संध्याकाळी 28.5 असलेलं पाणी पहाटे 25.8 व्हायचं. 2.7 अंश. आमचा टँक एक अंशाने तापवायला 125 युनिट उष्णता लागते, म्हणजे रात्रीत सुमारे 340 युनिट गेले. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा पाणी उडण्याचा, बाकीची उष्णता निरभ्र आकाशाकडे आणि गार हवेत जाते. आमचा पंप बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडतो, म्हणून एका युनिट विजेत चार युनिट उष्णता देतो, तेव्हा रोजची 85 युनिट वीज फक्त रात्रीचा खड्डा भरण्यात जात होती.

मग बबलचं कव्हर आणलं. बुडबुडे खाली, पाण्याकडे, आणि गुळगुळीत बाजू वर. संध्याकाळी सात ते सकाळी सहा झाकायचं. पहिल्याच आठवड्यात रात्रीची घट 2.7 वरून 1.1 अंशावर आली. पाण्याची पातळी दिवसाला 6 ऐवजी 3 मिलिमीटर उतरू लागली. पंप रोज दहा तास चालायचा, तो आता साधारण चार तास चालतो. कव्हर जाड नाही, दुलईसारखी ऊबही धरत नाही. बुडबुड्यांतल्या हवेची थोडीफार मदत होते. त्याचं खरं काम पाणी आणि हवा यांची गाठ पडू न देणं. म्हणूनच कडेला हातभर पट्टा उघडा राहिला, तर तेवढ्यातून पाणी उडत राहतं.

दुप्पट क्षमतेच्या मशीनला माझा विरोध याचसाठी आहे. ते मशीन पाणी लवकर तापवेल, पण उडणारं पाणी थांबवणार नाही.

कव्हरचा त्रासही सांगतो. आमचं कव्हर चाळीस किलोच्या वर, ओलं झालं की आणखी जड. पहिले चार दिवस वॉचमनमामा आणि टँकवरचा मुलगा ते हाताने ओढत होते, पाचव्या दिवशी ते कोपऱ्यात पडून राहिलं. रोलर घेतला आणि कव्हरचे दोन तुकडे केले, तेव्हा रोज झाकलं जाऊ लागलं. रोलरशिवाय कव्हर घेऊच नका. क्लोरीनचा मोठा डोस टाकल्यावर लगेच झाकू नका. साठलेल्या क्लोरीनने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि बुडबुडे सुटून पाण्यात तरंगायला लागतात. तसे तरंगताना दिसले तर कव्हरचं आयुष्य संपत आलंय. एप्रिल-मेमध्ये कव्हर काढून ठेवा, तेव्हा पाणी उडून टँक गार राहणं आपल्याच फायद्याचं असतं.

आणि एक गोष्ट मी आमच्या गेटवर मोठ्या अक्षरात लावली आहे. हे कव्हर माणसाचं वजन पेलत नाही. लहान मूल त्यावर चाललं तर खाली जातं आणि कव्हर वरून मिटतं, मूल कुठे गेलं ते दिसतही नाही. कुणीही पाण्यात उतरण्याआधी कव्हर पूर्ण निघालं पाहिजे, अर्धं काढून पोहणं नाही. झाकलेल्या टँकच्या गेटला कुलूप, आणि किल्ली फक्त वॉचमनमामांकडे.

टाइल्स फोडायचा ठराव मागच्या रविवारी रद्द झाला. ज्यांच्या टँकचं पाणी रोज उतरतंय त्यांनी प्लंबरला बोलावण्याआधी एक दिवस बादली ठेवा, आणि किती मिलिमीटर उतरलं ते इथे कमेंटमध्ये लिहा. लांबी-रुंदी दिलीत तर हिशोब मी करून देतो.