माझ्याच शेडचे पैसे माझ्याकडूनच? लीज संपतानाची ही लूट बंद करा

आज मनातलं सगळं लिहूनच काढतो, कारण गेले पाच महिने हा राग घेऊन मी रोज ठाणे-बेलापूर रस्त्याने ये-जा करतोय.

रबाळे एमआयडीसीत माझं छोटं जॉब वर्क आहे. चार वर्षांपूर्वी एक व्हीएमसी, म्हणजे धातू कापून सुटे भाग बनवणारी संगणकी मशीन, लीजवर घेतली. किंमत ३२ लाख, भाडं महिना ७२ हजार, वर जीएसटी, मुदत ४८ महिने. एकही हप्ता चुकला नाही. लॉकडाउननंतरची मंदी होती, दोन गिऱ्हाइकांनी पैसे अडकवले होते, तरी पाच तारखेला भाडं गेलंच. म्हणजे साडेचौतीस लाख मोजून झाले. लीज ३१ मार्चला संपणार होती. फेब्रुवारीत मी लीज कंपनीच्या माणसाला फोन केला, "मशीन ठेवायची आहे, रेट सांगा." तो म्हणाला, "हो सर, बघून कळवतो." मी निर्धास्त.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ईमेल आली. तुमची लीज आपोआप १२ महिन्यांसाठी वाढली आहे, भाडं तेच.

का? कारण मी मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी लेखी नोटीस दिली नव्हती. ३१ मार्चच्या आधीचे ९० दिवस म्हणजे ३१ डिसेंबर. फोन चालत नाही, व्हॉट्सअॅप चालत नाही, करारात दिलेल्या पत्त्यावर लेखीच हवं. माझ्याकडून दर महिन्याला न चुकता पैसे उचलणाऱ्या माणसाला नोव्हेंबरात "शेठ, नोटीस द्या हं" एवढा एक मेसेज टाकता आला नसता? आला असता. टाकला नाही, कारण माझं विसरणं हाच त्यांचा नफा आहे. त्या एका कलमातून वर्षाला ८ लाख ६४ हजार निघतात, तेही चार वर्षं वापरलेल्या मशीनवर.

भांडलो. फेब्रुवारीतल्या फोनची नोंद दाखवली, पुढचा सगळा धंदा तोडतो म्हणालो. शेवटी १२ महिन्यांचे ३ महिने झाले. तरी २ लाख १६ हजार गेलेच. ज्यांची लीज चालू आहे त्यांनी आज घरी गेल्यावर करार काढून 'नोटीस' शब्द शोधा आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. काही करारांत नोटीस फार आधी दिलेलीही चालत नाही, १८० ते ९० दिवसांच्या मधेच द्यावी लागते. आणि कोणता पर्याय घेणार हे ठरलेलं नसलं तरी नोटीस द्या, निदान लीज आपोआप वाढू देणार नाही एवढं तरी कळवा.

पण माझा खरा संताप पुढच्या गोष्टीवर आहे.

करारात लिहिलंय की मुदत संपली की तीन वाटा आहेत. मशीन परत करा, भाडं पुढे चालू ठेवा, किंवा 'रास्त बाजारभावाने' विकत घ्या. सही करताना मला वाटलं, रास्त बाजारभाव म्हणजे बाजारात जो चालतो तो. त्यांनी भाव पाठवला १४ लाख. मी भिवंडी आणि पुण्याकडच्या जुन्या मशीनच्या दोन व्यापाऱ्यांना विचारलं. तशीच मशीन, तेवढ्याच वर्षांची, साडेनऊ-दहा लाखांत उचलायला आणि विकायला ते तयार. मग हे वरचे चार लाख आले कुठून?

आले त्या व्याख्येतून. करारात बाजारभावाचा अर्थ असा दिलाय: मशीन 'जागेवर बसवलेली आणि चालू वापरात' असताना तिची जी किंमत होईल ती, आणि ठरवणार लीज कंपनी. जागेवर बसवलेली! अहो, बसवली कोणी? मशीनखालचं काँक्रीट मी ओतलं. हायड्रा क्रेन मी आणली, पाच टनांचं धूड दारातून आत घेताना भिंतीचा तुकडा काढावा लागला तो मी काढला. वेगळी केबल, स्टॅबिलायझर, हवेची लाइन, लेव्हलिंग, सगळं धरून २ लाख ६० हजार माझ्या खिशातून गेले. आता तेच काम त्यांच्या मशीनची किंमत वाढवणार आणि ती वाढीव किंमत पुन्हा मीच भरणार. माझ्याच कष्टाचं बिल मला! हे वाचून मला अक्षरशः घाम फुटला होता.

आणि १४ हाच आकडा का, तेही समजून घ्या, कारण तो हवेतून आलेला नाही. मशीन परत करायची तर करारानुसार सगळा खर्च माझा. कूलंट काढायचं, टेबल आणि हेड वाहतुकीच्या ब्रॅकेटने लॉक करायचं, मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरचं प्रमाणपत्र घ्यायचं, हायड्रा, ट्रेलर, प्रवासातला विमा, त्यांच्या गोडाउनपर्यंत पोहोच. वर 'चांगल्या स्थितीत' या शब्दांखाली ते वे-कव्हर, म्हणजे सरकणाऱ्या भागांवरचं झाकण, आणि रंग यांचे पैसे लावणार ते वेगळे. सगळं धरून मला पावणेदोन लाख दिसत होते. मग दुसरी जुनी मशीन दहा लाखांना आणायची आणि ती बसवायला पुन्हा २ लाख ६० हजार. बेरीज करा. १४ लाख ३५ हजार. म्हणजे १४ लाख हा बाजारभाव नव्हताच. माझी अडचण नेमकी किती लाखांची आहे, याचा तो आकडा होता. मी हलू शकत नाही हे त्यांना माहीत होतं आणि त्याचीच किंमत त्यांनी लावली.

पण अडचण त्यांनाही आहे, हे मला उशिरा सुचलं. मी मशीन परत केली तर ते काय करणार? गोडाउनमध्ये ठेवणार, भाडं भरणार, आणि शेवटी त्याच व्यापाऱ्याला साडेनऊला देणार. त्यांच्या हातात खरे साडेनऊच, किंवा त्याहून कमी. म्हणजे भाव साडेनऊ लाख आणि १४ लाख ३५ हजार यांच्या मधे कुठेही ठरू शकतो. सगळं भांडण या मधल्या पट्ट्यासाठी आहे, आणि 'जागेवर बसवलेली' हे दोन शब्द तो अख्खा पट्टा त्यांच्या खिशात टाकतात.

मी दोन गोष्टी केल्या. व्यापाऱ्याकडून लेटरहेडवर लेखी भाव घेतला, 'आहे त्या जागेवरून उचलून' असा स्पष्ट उल्लेख करून. आणि एक नोंदणीकृत मूल्यांकक गाठला. कंपनी कायद्याखाली आयबीबीआय या सरकारी दिवाळखोरी मंडळाकडे मूल्यांककांची नोंदणी होते आणि त्यात 'प्लँट अँड मशिनरी' असा वेगळा वर्ग आहे, त्यातलाच माणूस घ्या. जमीन-इमारतींचं मूल्यांकन करणारा इथे उपयोगाचा नाही. त्या गृहस्थांनी मशीन नीट तपासली. कापायचं हत्यार फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये टेस्ट बार लावून ३०० मिलिमीटरवर डायल धरला, डगमग १२ मायक्रॉन आली, म्हणजे स्पिंडल ठीक. कंट्रोलरवरचे स्पिंडलचे तास टिपले, तिन्ही अक्षांचा बॅकलॅश, म्हणजे ढिलाई, पाहिली. मग एकाच अहवालात दोन किमती दिल्या. जागेवर चालू धरून १३ लाख ८० हजार, आणि काढून नेण्याच्या बोलीवर सव्वादहा लाख. दोन्ही खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच की मधल्या साडेतीन लाखांचा मालक कोण. त्यातलं काँक्रीट, केबल आणि लेव्हलिंग माझं आहे, हे मी बिलं जोडून दाखवलं.

तीन आठवडे खेचाखेची झाली. त्यांचा माणूस मला सांगत होता, "सर, विकत घेतलीत तर १८ टक्के जीएसटी लागेल, त्यापेक्षा भाडंच बरं." खोटी भीती! भाड्यावरही १८ टक्केच आहे आणि माझ्यासारख्या नोंदणी असलेल्याला दोन्हीकडे क्रेडिट मिळतं. असल्या वाक्यांनी किती जणांना यांनी भाड्यावर अडकवून ठेवलं असेल.

शेवटी १० लाख ६० हजारांवर व्यवहार झाला. आता हिशोब असा. दोन वर्षांनी ही मशीन सात लाखांना गेली तरी माझे ३ लाख ६० हजार जातील आणि अडकलेल्या पैशाचं १२ टक्क्यांनी व्याज अडीच लाख. महिन्याला साधारण साडेपंचवीस हजार पडतात. भाडं चालू ठेवलं असतं तर त्यांच्या 'खास सवलती'नंतरही महिना ६० हजार गेले असते. दुरुस्ती दोन्हीकडे माझीच, म्हणून ती धरली नाही. आणि धोका बघा, १४ लाखांना घेतली असती तरी महिना ४३ हजारच पडले असते. भाड्याशी तुलना केली की १४सुद्धा स्वस्त वाटतात! म्हणूनच ते आधी भाड्याचा आकडा तोंडावर फेकतात आणि मग भाव सांगतात. तुलना बाजाराशी करा, त्यांच्या भाड्याशी करू नका.

तोच टेस्ट बार ४०-५० मायक्रॉन दाखवत असता, तर मी पावणेदोन लाख सोसून मशीन परत केली असती, कारण विकत घेतली की स्पिंडल बदलण्याचा खर्च माझ्याच माथी बसला असता. माझं काम फोर्थ अॅक्सिसवर, म्हणजे भाग फिरवत कापायच्या कामावर, सरकत असतं तरी परतच. लीजवरचे लॅपटॉप तर डोळे झाकून परत करा, चार वर्षांनी त्यांत काही उरत नाही. भाडं पुढे न्यायचं ते फक्त हातातली ऑर्डर संपेपर्यंत, दोन-चार महिने, आणि तेही महिन्या-महिन्याच्या बोलीवर. आणि परत करणार असाल तर मशीन हलवण्याआधी दोघांनी मिळून तपासणी करा, तासांचे फोटो काढा, सह्या घ्या. आमच्या गाळ्यांतल्या एकाला गोडाउनला पोहोचल्यावर ओरखड्यांचं बिल आलं, आणि ते ट्रेलरवर पडले की शेडमध्ये, हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात स्क्रू कॉम्प्रेसरसाठी दुसऱ्या कंपनीचा लीजचा मसुदा आला. पुन्हा तेच, 'जागेवर बसवलेली आणि चालू वापरात, लीज कंपनीच्या निर्णयानुसार'. मी पेनाने ते खोडलं. तिथे लिहिलं: भाव काढून नेण्याच्या बोलीवर, दोघांना मान्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून, आणि मूळ किमतीच्या २५ टक्क्यांहून जास्त कधीच नाही. आपोआप वाढीचं कलमही काढलं. त्यांच्या ऑफिसातला मुलगा फोनवर म्हणाला, "सर, आमचा फॉरमॅट बदलत नाही." मी म्हटलं, मग कॉम्प्रेसर तुमच्याकडेच ठेवा. वरिष्ठांना विचारतो म्हणाला. आज आठवा दिवस आहे, उत्तर आलेलं नाही, आणि त्या दुरुस्त्या मी एका अक्षराने मागे घेणार नाही.