काचेतला मुका टीव्ही

दुकानाच्या काचेत लावलेला व्हिडिओ बघायला कोणीच आलेलं नसतं. कोणी कोथिंबीर आणायला निघालेलं असतं, कोणी बस पकडायला, कोणी पोराला क्लासला सोडायला. अशा माणसाला रस्त्याच्या पलीकडून, आवाज न करता, चार-पाच सेकंदांत काहीतरी वाचायला लावायचं, एवढंच आपलं काम. ते अवघड नाही. अवघड असतो तो शेठनी हातात ठेवलेला कागद.

साड्यांच्या दुकानाचा कागद घेऊ. सगळ्यात वर ‘श्री’. खाली दुकानाचं नाव, मग ‘पैठणी, इरकल, नारायणपेठ, कांजीवरम यांचे भव्य दालन’, ‘निवडक पैठण्यांवर २०% सूट’, ‘ब्लाउज शिलाई मोफत’, ‘पैठणी विभाग पहिल्या मजल्यावर’, ‘अटी लागू’, दोन मोबाइल नंबर, ‘मारुती मंदिरासमोर’ असा पत्ता, आणि शेवटी ‘आमची कोठेही शाखा नाही’. व्हिडिओ वाचणारा त्या क्षणी मारुती मंदिरासमोरच उभा आहे, हे शेठना समजावणं हा या कामाचा पहिला टप्पा. नंबरांचंही तसंच. चालत्या माणसाला दहा आकडे पाठ होत नाहीत, आणि समोर दिसणाऱ्या दुकानाला फोन तरी कोण कशाला करेल?

यावर शेठ मोबाइलवर नमुना बघतात आणि म्हणतात, “अहो, केवढी जागा मोकळी आहे! अजून दोन ओळी बसतील.” बसतात, खरंच. मोबाइल आडवा धरला की त्यावर व्हिडिओची रुंदी साधारण १२ सेंटीमीटर भरते आणि शेठ तो फूटभरावरून बघतात. ४३ इंची टीव्हीची रुंदी ९५ सेंटीमीटर. त्रैराशिक मांडलं तर शेठ टीव्हीपासून आठ फुटांवर उभे आहेत. गिऱ्हाईक मात्र पलीकडच्या फुटपाथवर, १० मीटरवर. म्हणून नमुना मोबाइलवर दाखवूच नये. १५ इंची लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर लावावा आणि शेठना बारा फूट मागे न्यावं. तेवढ्या अंतरावरून लॅपटॉप बरोबर तसा दिसतो, जसा रस्त्यापलीकडून टीव्ही दिसणार आहे. दुकानात बारा फूट मागे जायला जागा नसते, मग शेठ गल्ल्यामागून उठून गठ्ठ्यांच्या कडेला जातात, डोळे बारीक करतात, आणि ‘भव्य दालन’ स्वतःहून काढून टाकतात.

पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब इथेही चालतो: दर दहा फुटांना अक्षराची उंची एक इंच. १० मीटर म्हणजे ३३ फूट, म्हणजे सव्वातीन इंच, साधारण सव्वाआठ सेंटीमीटर. ४३ इंची पडद्याची उंची साडेत्रेपन्न सेंटीमीटर आणि तेवढ्यात १०८० पिक्सेल, म्हणून अक्षर १७० पिक्सेल उंच हवं. इथे बरेच जण फसतात, कारण ते फाँटचा आकार १७० टाकतात. त्या आकड्यात वरची वेलांटी, मात्रा आणि खालचा उकार धरलेला असतो. शिरोरेषेपासून तळापर्यंतचं मूळ अक्षर त्याहून बरंच लहान निघतं. तेव्हा आकड्यावर विश्वास न ठेवता चित्र टीव्हीवर लावावं आणि काचेला मोजायची टेप लावून ‘प’ मोजावा. सव्वाआठ भरेपर्यंत आकार वाढवत राहायचं.

अक्षर एवढं झालं की ओळीत किती मावणार, हेही ठरून जातं. कडेला दोन्ही बाजूंना पाच-पाच टक्के जागा सोडायची, कारण काही टीव्ही चित्र थोडं ताणून कडा खातात. उरतात ८५ सेंटीमीटर. त्यात दहाएक अक्षरं बसतात. काना आणि दीर्घ वेलांटी प्रत्येकी अर्ध्या अक्षराची जागा खातात. उंचीत तीन ओळी मावतात, पण तीन लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. दोनच ठेवाव्यात. या मापात शेठचा कागद घातला की तीन पाट्या बाहेर पडतात. पहिली: ‘पैठणीवर / २०% सूट’. दुसरी: ‘ब्लाउज शिलाई / मोफत’. तिसरीला ‘पहिल्या मजल्यावर’ हवं होतं, ते बसत नाही. ‘पैठणी / पहिला मजला’ बसतं. व्याकरणाचं एक ‘वर’ गेलं, गिऱ्हाईक मात्र जिना चढलं. ‘निवडक’ आणि ‘अटी लागू’ यांचं काय, असं शेठ विचारतातच. सूट निवडक पैठण्यांवरच असेल तर तो शब्द काढणं म्हणजे काउंटरवर भांडण आमंत्रण देऊन बोलावणं. ‘निवडक पैठणी’ दहाच्या आत बसतं, ते ठेवा आणि खाली ‘२०% सूट’ लिहा. बाकीच्या अटी जिन्यापाशी कागदावर.

प्रत्येक पाटी पाच सेकंद, एकूण पंधरा. वाटसरू नेमका पहिल्या पाटीला हजर होईल, या भरवशावर काही बांधू नये. ‘अहो, ऐकलंत का?’ अशी पहिली पाटी आणि उत्तर तिसरीवर, हा प्रकार घरातल्या टीव्हीला शोभतो. रस्त्यावर माणूस मध्येच येतो आणि मध्येच जातो, म्हणून कोणतीही एक पाटी वाचली तरी काहीतरी हाती लागलं पाहिजे.

आता शेठची खास मागणी: “अक्षरं पळती ठेवा की, लक्ष वेधतं!” वेधतं खरं. पण गिऱ्हाईक चालतंय, मजकूरही पळतोय, दोघांची गाठ ‘…ठणीव…’ एवढ्यावरच पडते. हलायचंच असेल तर पाठीमागचा रंग प्रत्येक पाटीला बदलू द्या. पिवळ्यावरून एकदम पांढरा झाला की कोपऱ्यातूनही नजर वळते, आणि अक्षर जागच्या जागी राहतं.

रंगाचं गणित काच ठरवते. संगणकावर काळ्या पार्श्वभूमीवरची सोनेरी अक्षरं फार श्रीमंत दिसतात, आणि शेठना तीच आवडतात. दिवसा काचेमागे तोच काळा पडदा आरसा बनतो. रस्ता, रिक्षा, स्वतःचा भांग नीट करणारा वाटसरू, सगळं दिसतं. पैठणी तेवढी दिसत नाही. दिवसा फिकट पार्श्वभूमी आणि काळी किंवा गडद अक्षरं हवीत, कारण पडद्याचा स्वतःचा उजेड प्रतिबिंबाला दाबतो. रात्री उलट, पांढरा पडदा डोळ्यांवर येतो, तेव्हा गडद पार्श्वभूमीची दुसरी फाइल ठेवलेली बरी. आणि काच पश्चिमेला असेल तर दुपारी चारनंतरच्या थेट उन्हापुढे घरगुती टीव्हीचा काहीच इलाज चालत नाही. ऊन सावरायला काचेबाहेर छत लावा किंवा टीव्ही आत सरकवा.

गिऱ्हाईक समोरून येत नाही, फुटपाथवरून तिरकं येतं, हेही ध्यानात ठेवा. सरळ समोरच्या रेषेपासून साठ अंश बाजूला जाऊन बघितलं की अक्षराची रुंदी निम्मी दिसते, उंची तेवढीच राहते, आणि सगळी अक्षरं एकमेकांना चिकटतात. इंग्रजीत अशा वेळी अक्षरांमध्ये जागा वाढवतात. देवनागरीत ते केलं की शिरोरेषा तुटते आणि ‘पैठणी’ दात पडल्यासारखी दिसते. त्याऐवजी ‘मुक्त’ किंवा ‘हिंद’ या फाँटांसारखा मोकळा, रुंद फाँट घ्यावा, आणि ज्या बाजूने जास्त लोक येतात तिकडे टीव्ही थोडा वळवून बसवावा. फाँटचं सगळ्यात जाड रूप घेण्याचा मोह टाळायचा. ‘ष’, ‘छ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली पोकळी बुजते, आणि ‘भ’ व ‘म’, ‘घ’ व ‘ध’ यांच्यातला शिरोरेषेचा इवलासा खंड दुरून नाहीसा होतो. ‘घाऊक’चं ‘धाऊक’ झालेलं पलीकडच्या फुटपाथवरच कळतं, म्हणून एकदा तरी तिथे जाऊन मोठ्याने वाचावं, तेही मजकूर न लिहिलेल्या माणसाकडून.

पाट्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. काहींना जोडाक्षरं कळत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि ‘शिलाई’चं काय होतं ते सांगवत नाही. छापखान्यातून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असेल तर तो चिकटवल्यावर नुसती चिन्हंच उमटतात. लिब्रेऑफिस इम्प्रेस किंवा इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाटी बनवा, 1920×1080 चं PNG चित्र काढा, नावं card1, card2, card3 द्या, आणि मग व्हिडिओवाल्याला ffmpeg या आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅमने फक्त चित्रं जोडू द्या:

```
ffmpeg -framerate 1/5 -i card%d.png -r 25 -c:v libx264 -pix_fmt yuv420p loop.mp4
```

यातला yuv420p विसरला की फाइल संगणकावर छान चालते आणि टीव्ही ‘हे स्वरूप चालत नाही’ म्हणतो, कारण चित्रांपासून बनलेला व्हिडिओ आपोआप अशा रंगपद्धतीत जातो जी बहुतेक टीव्हींना झेपत नाही.

आवाजाचा ट्रॅक या फाइलमध्ये मुळातच नाही, आणि तसंच हवं. आवाज असलेली फाइल रिमोटने मुकी केली तर कित्येक टीव्ही कोपऱ्यात कायमचं खोडलेल्या भोंग्याचं चित्र दाखवत बसतात. दूरवरून ते पैठणीपेक्षा ठळक दिसतं.

पंधरा सेकंदांची फाइल टीव्हीला ‘पुन्हा पुन्हा’ लावायला सांगितली की दर फेरीला पडदा काळा होतो आणि फाइलचं नाव झळकतं. त्यावर उतारा म्हणजे तीच फाइल २४० वेळा जोडून तासाभराची करायची. मग काळा पडदा तासाला एकदाच:

```
ffmpeg -stream_loop 239 -i loop.mp4 -c copy hour.mp4
```

स्थिर पाट्यांची फाइल लहान असते. साडीचं चित्रीकरण घातलं तर मात्र ती फुगते, आणि FAT32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल जात नाही. तेव्हा अर्ध्या तासाची करा. ती शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून लहान होते, अक्षरांच्या कडा धूसर होतात आणि बोल आपल्याला लागतो.

टीव्हीतही थोडी झाडलोट लागते. वीज वाचवण्याची सोय बंद करा, नाहीतर पडदा आपणहून मंद होतो. काही तास रिमोट न दाबल्यास झोपी जाण्याची सोयही बंद करा. वायफाय तोडा, कारण ‘नवीन अपडेट उपलब्ध आहे’ ही पाटी आपल्या तिन्ही पाट्यांपेक्षा मोठ्या अक्षरात येते. वीज जाऊन आली की बहुतेक टीव्ही व्हिडिओवर परत येत नाहीत, म्हणून कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबायची ते चिठ्ठीवर लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवा. दुकान उघडणारा पोऱ्या दर महिन्याला बदलतो.

आणि पेनड्राइव्हवर तो एकच व्हिडिओ ठेवा. एक फाइल संपली की बरेच टीव्ही शेजारची आपणहून लावतात, आणि शेठच्या पेनड्राइव्हवर शेजारी बहुधा पुतण्याच्या मुंजीचं शूटिंग असतं. ते साडेतीन तासांचं असतं, त्यातली अक्षरं बारीक असतात, आणि खरं सांगायचं तर काचेपुढे गर्दी त्यालाच जास्त जमते.