सीआयएफमध्ये भाडं विकणाऱ्याचं, जोखीम मात्र तुमची

नव्या आयातदाराला हा सल्ला नेहमी ऐकू येतो: «सीआयएफमध्ये घ्या, झंझटच नाही. भाडं आणि विमा विकणारा भरतो, म्हणजे माल आपल्या बंदरात उतरेपर्यंत सगळी जोखीम त्याचीच. वाटेत काही झालं तर तो बघून घेईल.»

सीआयएफ म्हणजे किंमत, विमा आणि भाडं एकत्र धरून माल विकण्याची अट, त्यामुळे यातला भाडं आणि विम्याचा भाग खरा आहे. त्यावरून जोखमीबद्दल काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी नवे आयातदार मोठी रक्कम गमावतात.

इन्कोटर्म्स म्हणजे आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीच्या अटींचे ठरलेले नियम, आणि त्यांत खर्च आणि जोखीम यांची कलमं वेगळी आहेत. सीआयएफमध्ये विक्रेता पोहोच बंदरापर्यंतचं भाडं भरतो, पण माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. २०१० च्या आवृत्तीआधी ही रेघ जहाजाच्या कठड्यावर मानत, आता माल जहाजावर ठेवला गेला की ती ओलांडली जाते. घोळ होतो तो नावामुळे. सीआयएफपुढे पोहोच बंदराचं नाव लिहितात, म्हणून सगळं तिथेच ठरतं असं वाटतं. जोखीम ज्या बंदरात बदलते, त्याचं नाव बरेचदा करारात लिहिलेलंही नसतं.

एक हिशोब मांडून बघू. ८०,००० डॉलरला सीआयएफवर यंत्रांचे सुटे भाग घेतले. १० तारखेला कंटेनर जहाजावर चढला, तशी नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, निघालं. २४ तारखेला वादळात लाटांनी तो कंटेनर डेकवरून समुद्रात ओढून नेला. विक्रेत्याने माल चढवला, भाडं भरलं, विमा काढला आणि कागदपत्रं पाठवली. त्याचं काम झालं. कागदपत्रं करारानुसार असतील तर खरेदीदाराला ८०,००० द्यावेच लागतात, माल समुद्राच्या तळाशी असला तरी. हे आजचं नाही. मार्च १९१७ मध्ये ‘अल्गोन्क्विन’ हे जहाज बुडालं, त्यावर सीआयएफने विकलेला स्टार्च होता. त्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने म्हटलं की माल बुडाल्याचं माहीत असूनही विक्रेता कागदपत्रं देऊन पैसे मागू शकतो. तिथे विक्रेता हरला तो विम्याचा योग्य दस्त न दिल्यामुळे, माल बुडाल्यामुळे नाही.

«मग विमा आहे ना?» आहे, आणि तोही तुमच्यासाठीच. विक्रेत्याने असा विमा काढायचा असतो की खरेदीदाराला थेट विमा कंपनीकडे दावा करता यावा. म्हणजे «तो बघून घेईल» हेही खरं नाही, दावा लावायचा तुम्हीच. रक्कम किमान किमतीच्या ११० टक्के, आपल्या उदाहरणात ८८,००० डॉलर. पण वेगळं काही ठरलं नसेल तर सीआयएफमध्ये इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस या मालविम्याच्या प्रमाणित अटींमधलं सगळ्यात तोकडं, ‘सी’ संरक्षण पुरेसं मानलं जातं. त्यात आग, जहाज बुडणं, रुतणं, टक्कर अशी मोजकी कारणं आहेत. जहाज वाचवण्यासाठी माल मुद्दाम समुद्रात टाकला तर भरपाई मिळते. लाटेने वाहून नेला तर नाही, ते ‘बी’मध्ये येतं. चोरीसुद्धा ‘सी’मध्ये नाही. वरच्या कंटेनरला ८८,००० चा विमा होता आणि हातात शून्य आलं. वाहतूकदारावर दावा करता येतो, पण समुद्रातल्या संकटाचा बचाव त्याच्याकडे तयार असतो. मला यात सगळ्यात खटकतं ते हे, की विमापत्रावर सगळ्यात व्यापक क्लॉज ‘ए’ आहे की ‘सी’ हे बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि बहुतेक जण फक्त रक्कम बघतात.

म्हणून सीआयएफ घ्यायचंच असेल तर करारातच क्लॉज ‘ए’ लिहून घ्या, हवं तर युद्ध आणि संपाचं संरक्षणही वेगळं मागा. कंटेनरच्या मालाला खरं तर सीआयपी, म्हणजे ठरलेल्या ठिकाणापर्यंतचं भाडं आणि विमा विक्रेत्याने भरण्याची अट, बसतं. सीआयएफ ही बोटीवर माल थेट चढवण्यासाठीची अट आहे, कंटेनर तर आधी टर्मिनलवर सोपवला जातो. सीआयपीमध्ये २०२० च्या आवृत्तीपासून ‘ए’ हाच मूळ नियम आहे. जोखीम मात्र तिथेही लवकरच बदलते, माल पहिल्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की.

आणि जोखीम खरोखर पोहोचेपर्यंत विक्रेत्यावरच ठेवायची असेल तर त्यासाठी ‘डी’ने सुरू होणाऱ्या अटी आहेत. डीएपीमध्ये माल ठरलेल्या ठिकाणी उतरवण्यासाठी तयार होईपर्यंत, डीपीयूमध्ये उतरवून होईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. किंमत थोडी जास्त सांगितली जाईल, कारण आता वादळाचा धोका तो घेतोय. भाव विचारताना सीआयएफ आणि डीएपी, दोन्ही एकाच पोहोच ठिकाणासाठी मागवा. दोहोंतल्या फरकात त्या जोखमीची किंमत बरीचशी दिसते.